प्लेटचा फोटो पाठवण्याआधी
(तयार अगर प्लेट नेणाऱ्या इंदूरच्या शाळांसाठी)

प्लेटचा फोटो पाठवून बहुतेक सर आणि मॅडम एकच विचारतात, ‘हे कोणते जंतू?’ ते फोटोवरून सांगता येत नाही. पिवळी, चकचकीत कॉलनी अनेक जातींची असू शकते. मात्र कॉलनी कुठे उगवली, यावरून बरंच कळतं. (कॉलनी म्हटलं की इंदूरकराला आधी सुदामानगर आठवतं. इथे मात्र एका जंतूपासून किंवा त्यांच्या छोट्या पुंजक्यापासून वाढलेला ठिपका.)

गेल्या पावसाळ्यात एका मॅडमनी आठवीच्या प्रयोगाचा फोटो पाठवला. प्लेटच्या अर्ध्या भागावर हात धुण्याआधी बोटं टेकवली होती, उरलेल्या अर्ध्यावर धुतल्यावर. ‘आधी’मध्ये 34 कॉलन्या, ‘नंतर’मध्ये 61. साबण बोगस, असा मुलांनी निकालच लावून टाकला!

आम्ही फोटो मोठा करून पाहिला. ‘आधी’च्या सगळ्या कॉलन्या बोटांच्या ठशांत होत्या. ‘नंतर’च्या फक्त 19 ठशांत, बाकी 42 कडेला चंद्रकोरीसारख्या पट्ट्यात, काही तर शेपूट फुटल्यासारख्या ओघळलेल्या. तिथे बोट टेकलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं की प्लेट फ्रिजमधून काढून लगेच वापरली आणि नंतर सुलटीच ठेवली. झाकणावरची वाफ थेंब होऊन खाली पडली, ठशांतले जंतू पाण्याबरोबर उताराकडे वाहत गेले आणि तिथे वेगवेगळे वाढले.

मग 42 सोडून 34 विरुद्ध 19 धरायचं का? नाही. वाहून आलेले जंतू दोन्हीपैकी कुठल्या भागातले, हे सांगता येत नाही. अशी प्लेट मोजायची नाही, पुन्हा करायची. शिवाय धुतलेल्या हाताने जास्त कॉलन्या आल्या तरी दचकू नका: चोळल्याने त्वचेतले जंतू सुटे होतात आणि ओल्या बोटावरून ते जास्त उतरतात. हात नीट कोरडे करून मगच बोट टेकवा.

प्लेट अर्धा तास झाकणासकट बाहेर राहू द्या आणि बोटं टेकवल्यावर उलटी ठेवा. एक प्लेट कुणीही हात न लावता सोबत ठेवा. तिच्यावरही काही उगवलं, तर ते हाताचं नव्हे. ठशांबाहेर एकटाच कापसासारखा ठिपका आला, तर ती बहुधा हवेतून आलेली बुरशी.

फोटो झाकण बंद ठेवून, काळ्या कागदावर, तळाच्या बाजूने काढा. शेजारी पट्टी ठेवा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही अक्षरं तळावर लिहिलेली असतात. फोटोत ती उलटी दिसली, तर तो झाकणाकडून काढलाय आणि डावं-उजवं बदललंय.

फोटो झाल्यावर प्लेट न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर किमान 15 मिनिटं ठेवून मगच टाका. ऑटोक्लेव्ह नसेल तर आम्हाला कळवा.