कम्युनिटीचा अॅडमिन आणि ग्रुपचा अॅडमिन: कोणाला काय दिसतं?

अडावद, चहार्डी आणि लासूर, तिन्ही गावांतल्या केळीवाल्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप वेगवेगळे होते. रोजचा भाव तीनदा टाकायचा कंटाळा आला म्हणून मी ते एका कम्युनिटीत आणले. संध्याकाळीच लासूरच्या एका काकांचा फोन: "भाऊ, आमनं समदं बोलनं आते तुले दिखस का?"

नाही दिसत. पण त्यांची शंका रास्त होती, कारण दोन्हीकडे शब्द एकच, 'अॅडमिन'.

२०२२ च्या नोव्हेंबरात आलेली ही कम्युनिटी म्हणजे तीन खोल्यांसमोरची एक ओसरी. ओसरी म्हणजे अनाउन्समेंटची जागा. तिथे नवी सूचना फक्त कम्युनिटीचा अॅडमिन टाकतो आणि ती तिन्ही गावांना एकदाच पोचते. आमच्या ग्रुपांत २१०, १६० आणि ९५ माणसं, बेरीज ४६५. ओसरीवर मात्र ४३१. चौतीस जण दोन ग्रुपांत होते, ते तिथे एकदाच मोजले गेले.

आता खोल्या. अडावदचा आणि चहार्डीचा ग्रुप मीच चालवतो, म्हणून तिथलं मी वाचतो, पण ते त्या ग्रुपात आहे म्हणून. लासूरचा ग्रुप तिथल्या अॅडमिनने सुचवला आणि मी मंजूर केला. त्यात मी नाही. मला त्या ग्रुपाचं नाव आणि कम्युनिटीतले सदस्य त्यांच्या नंबरांसह दिसतात. व्यापाऱ्याने कुणाचा किती पैसा अडकवला याची तिथली चर्चा दिसत नाही. उद्या मी आत गेलोच, तर जॉइन झाल्याची ओळ सगळ्यांना दिसेल आणि आधीचं बोलणं मला आपोआप मिळणार नाही. तिथला वावगा मेसेज सगळ्यांसाठी पुसायचं काम लासूरच्या अॅडमिनचं.

माझा हात लांब पोचतो तो दुसरीकडे. एखाद्याला मी कम्युनिटीतून काढलं, तर तो तिच्यातल्या सगळ्या ग्रुपांतून जातो, लासूरच्याही. ग्रुपाच्या अॅडमिनने काढलं तर तेवढ्या एका ग्रुपातून. मला तर वाचण्यापेक्षा हा अधिकार जास्त जपून वापरण्यासारखा वाटतो.

नंबरांचा हिशोबही वेगळा आहे. लासूरच्या माणसाचा नंबर ओसरीवर चहार्डीच्या अनोळखी माणसाला दिसत नाही. अॅडमिनला आणि ज्यांनी तो सेव्ह केलाय त्यांना दिसतो. पण दोघं एका ग्रुपात आले की ती आड संपली. म्हणून 'सगळ्यांनी चर्चेच्या ग्रुपात या' असं सांगताना मी कचरतो, बायकांच्या बचत गटाचे नंबर असतील तर जास्तच.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "मंग केळीना भावना मेसेज सोडीसन बाकी बंद करी टाकू का?" म्हटलं, ओसरी म्यूट करा हवं तर, पण तिथून एक्झिट होऊ नका. तिथून बाहेर पडलात की कम्युनिटी सुटते, आणि लासूरचा ग्रुपही सुटतो.