‘कोणतेही कारण न देता’: निविदा रद्द करण्याच्या सूचनेतील एका वाक्याची पार्श्वभूमी

निविदा सूचनेच्या शेवटी एक वाक्य जवळजवळ हमखास असते: ‘कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे.’ हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की ते वाचलेच जात नाही. प्रत्यक्षात निविदा रद्द करून फेरनिविदा मागवायची वेळ येते, तेव्हा मात्र त्याच संस्थेचे कार्यालय रद्दीकरणाच्या सूचनेत कारण लिहायला बसते आणि ते कोणत्या शब्दांत लिहावे यावर दोन-दोन दिवस घालवते. अधिकार कारण न देण्याचा आहे, तर मग कारण द्यायचे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर सुमारे दीडशे वर्षांच्या कायद्याच्या वाटचालीत आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. 1870 साली तिथल्या न्यायालयासमोर ‘स्पेन्सर विरुद्ध हार्डिंग’ हा दावा आला. एका व्यापारी पेढीचा माल निविदेने विकण्याचे परिपत्रक काढले गेले होते. आपला दर सर्वांत जास्त असूनही माल आपल्याला दिला नाही, अशी वादींची तक्रार होती. न्यायालयाने सांगितले की परिपत्रक हा प्रस्ताव नव्हे, ते केवळ प्रस्ताव देण्याचे आवाहन आहे. प्रस्ताव देतो तो निविदाकार आणि तो स्वीकारायचा की नाही हे मागवणाऱ्याच्या हातात असते. सर्वांत जास्त दर देणाऱ्यालाच माल देऊ, असे वचन परिपत्रकात असते तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही न्यायालयाने नोंदवले. निविदा मागवणाऱ्याला सर्व निविदा नाकारण्याची मोकळीक मिळाली ती या विचारातून, आणि ‘कोणतेही कारण न देता’ हे वाक्य म्हणजे याच मोकळिकीची आठवण. खासगी खरेदीत हा विचार आजही बऱ्याच अंशी टिकून आहे.

पुढे या मोकळिकीला मर्यादा पडत गेल्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली ‘रॉन इंजिनिअरिंग’ प्रकरणात असे मानले की निविदा भरली जाते तेव्हाच एक प्राथमिक करार जन्माला येतो आणि निविदेच्या अटी दोन्ही बाजूंना बांधतात. इंग्लंडमध्ये 1990 साली ब्लॅकपूलच्या प्रकरणात एका निविदाकाराने मुदतीत पेटीत टाकलेला लिफाफा, पेटी वेळेवर उघडली न गेल्यामुळे, उशिरा आलेला समजून बाजूला ठेवला गेला होता. मुदतीत आलेल्या निविदेचा निदान विचार तरी झाला पाहिजे, ही जबाबदारी न्यायालयाने मागवणाऱ्या नगरपरिषदेवर टाकली. स्वीकारण्याची सक्ती अजूनही नव्हती. पण आवाहन करून मनाला येईल तसे वागण्याचे दिवस संपत चालले होते.

भारतात हा प्रश्न सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत राज्यघटनेच्या समानतेचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद 14 मधून आला. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेबाबत ‘रमणा दयाराम शेट्टी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली स्पष्ट केले की सार्वजनिक संस्थेने स्वतः ठरवलेले निकष तिला स्वतःलाही बांधतात. 1994 च्या ‘टाटा सेल्युलर’ निकालाने न्यायालयाच्या तपासणीची सीमा आखली: निर्णय शहाणपणाचा होता का हे न्यायालय पाहणार नाही, तो कोणत्या रीतीने घेतला गेला हे पाहील. निविदा रद्द करणाऱ्याला याचा आधार आहे आणि धोकाही आहे, कारण निर्णयाची रीत पाहायची तर कारण पाहावेच लागते.

माझ्या मते रद्दीकरणाच्या सूचनेची भाषा सर्वांत जास्त बदलली ती निविदांशी थेट संबंध नसलेल्या दोन निकालांमुळे. पहिला 1951 सालचा, ‘पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोरधनदास भानजी’. अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्यासाठी दिलेली परवानगी रद्द झाल्याचे पत्र अर्जदाराला आले. परवानगी रद्द करण्यात येत आहे असे कळवण्याचे शासनाचे निर्देश आहेत, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे वाद झाला तेव्हा हा निर्णय आयुक्तांचा स्वतःचा होता असे मांडण्याचा प्रयत्न झाला. न्यायालयाने तो मानला नाही. सार्वजनिक आदेश त्यात वापरलेल्या शब्दांवरूनच वाचायचा असतो आणि आपल्या मनात काय होते याचे नंतर दिलेले स्पष्टीकरण त्याला जोडता येत नाही, हे सूत्र तिथे घातले गेले. दुसरा निकाल ‘मोहिंदर सिंग गिल’ हा, डिसेंबर 1977 मधला, निवडणूक आयोगाच्या फेरमतदानाच्या आदेशाबाबतचा. आदेशाची वैधता त्यात नमूद केलेल्या कारणांवरच तपासली जाईल, प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घालून तो सावरता येणार नाही, हे त्यात पुन्हा ठामपणे सांगितले गेले.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. सूचनेत जे कारण छापले जाते, तेच पुढे न्यायालयात संस्थेचे एकमेव शस्त्र असते. ते मोघम असेल तर शस्त्रच नाही, आणि ते खोटे असेल तर ते उलटते. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील दोन भुयारी मार्गांच्या देखभाल व जाहिरात हक्कांची निविदा रद्द करण्याचा निर्णय मोडीत काढला. निविदेतील तांत्रिक दोष हे दिलेले कारण टिकले नाही आणि निर्णयामागची अंतर्गत टिपणे न्यायालयाने बारकाईने पाहिली.

आंतरराष्ट्रीय नमुना कायद्यांतही हाच प्रवास दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या 1994 च्या नमुना कायद्यात निविदाकाराने विचारल्यास कारण सांगावे, पण त्याचे समर्थन करण्याची गरज नाही, अशी तरतूद होती. 2011 च्या सुधारित नमुन्यात रद्द करण्याचा निर्णय आणि त्याची कारणे नोंदवणे, निविदाकारांना तातडीने कळवणे आणि मूळ सूचना जिथे प्रसिद्ध झाली तिथेच रद्दीकरणाची सूचना प्रसिद्ध करणे आवश्यक ठरले. केवळ रद्द केल्यामुळे मागवणाऱ्यावर दायित्व येत नाही, हे संरक्षण कायम राहिले. मात्र रद्द करण्याची वेळ त्याच्याच बेजबाबदार किंवा दिरंगाईच्या वर्तनाने आली असेल तर ते मिळत नाही.

या शेवटच्या अटीमुळेच सूचनेचा सूर तटस्थ ठेवण्याला महत्त्व आले. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका संस्थेने पंपसंच पुरवण्यासाठी दोन लिफाफ्यांची निविदा मागवली आहे. तीन निविदा आल्या. तांत्रिक लिफाफे उघडल्यावर लक्षात आले की परिमाणपत्रकात पंपाची क्षमता तासाला 40 घनमीटर लिहिली आहे आणि तांत्रिक तपशिलाच्या जोडपत्रात 60. दोघांनी 40 धरले, एकाने 60. आर्थिक लिफाफे अजून बंद आहेत. पहिला मसुदा असा तयार झाला:

‘निविदाकारांनी तांत्रिक तपशिलाची पूर्तता न केल्याने व अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव निविदा रद्द करण्यात येत आहे.’

या एका वाक्यात तीन चुका आहेत. दोष निविदाकारांवर टाकला आहे, वास्तविक विसंगती कागदपत्रातच होती. 40 धरणारा निविदाकार परिमाणपत्रक पुढे करून हे सहज सिद्ध करील. ‘अपरिहार्य प्रशासकीय कारणास्तव’ हे शब्द काहीच सांगत नाहीत, आणि वाद झाला की नेमकी हीच रिकामी जागा संशयाने भरली जाते. शिवाय दोन कारणे दिल्याने खरे कारण कोणते हा तिसरा प्रश्न निर्माण होतो. सुधारलेला मसुदा असा असू शकतो:

‘निविदा कागदपत्रातील परिमाणपत्रक व तांत्रिक तपशिलाचे जोडपत्र यांत पंपाच्या क्षमतेबाबत भिन्न आकडे नमूद झाल्याचे तांत्रिक छाननीदरम्यान निदर्शनास आले आहे. त्यामुळे प्राप्त निविदांचे समान पायावर मूल्यमापन करणे शक्य नसल्याने सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने सदर निविदा प्रक्रिया आर्थिक लिफाफे न उघडता रद्द करण्यात येत आहे. सर्व निविदाकारांची बयाणा रक्कम परत करण्यात येईल. सुधारित कागदपत्रासह फेरनिविदा स्वतंत्रपणे मागवण्यात येईल. या प्रक्रियेत सहभागी झालेले निविदाकार त्यात नव्याने सहभागी होऊ शकतात.’

इथे कोणाचेही नाव नाही, कोणाचा दर नाही, कोणाच्या पात्रतेवर शेरा नाही. चूक कोणाची हे सांगितलेले नाही, पण काय आढळले हे लपवलेलेही नाही. तटस्थ भाषा म्हणजे गुळमुळीत भाषा, असा गैरसमज कार्यालयांत फार आहे आणि तो दूर होणे मला आवश्यक वाटते. तटस्थ वाक्य वस्तुस्थिती नेमकेपणाने सांगते आणि दोषाचा ठपका तेवढा टाळते. ‘आर्थिक लिफाफे न उघडता’ हे चार शब्दही मोलाचे आहेत. दर उघड झाल्यानंतर रद्द केले तर न्यूनतम दर देणारा साहजिकच विचारतो की माझा दर सर्वांना कळल्यावरच दोष कसा दिसला, आणि त्याचे उत्तर देणे फार अवघड जाते. अशा वेळी सूचनेत दोष कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे लक्षात आला हे लिहावेच लागते.

सूचनेचा कागद कितीही नीट असला तरी दोन ठिकाणी तो थिटा पडतो. स्वीकृतीपत्र निविदाकाराला पोहोचले असेल तर करार झालेला असतो. मग ‘निविदा रद्द’ म्हणणे हे प्रत्यक्षात करारभंग ठरू शकते आणि तिथे या सूचनेचा नमुना वापरणेच चूक आहे. दुसरे, फाईलवरच्या टिपणीत एक कारण आणि सूचनेत दुसरे, असे झाले तर सूचनेचे शब्द कोणालाच वाचवत नाहीत. म्हणून मान्यतेच्या टिपणीतील कारणाचे वाक्य जसेच्या तसे सूचनेत यावे आणि मान्यतेची तारीख सूचनेच्या तारखेच्या आधीची असावी.

कारण खरे होते की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण नाराज निविदाकाराचे वकील प्रथम पाहतात: रद्द झालेले कागदपत्र आणि फेरनिविदेचे कागदपत्र ते शेजारी शेजारी ठेवतात. वरील उदाहरणात फेरनिविदेच्या परिमाणपत्रकात आणि जोडपत्रात एकच आकडा आला आणि बाकीच्या अटी तशाच राहिल्या, तर सूचनेतील कारण आपोआप सिद्ध होते. आकडा दुरुस्त झाला, पण त्याचबरोबर अनुभवाची अट तीन वर्षांवरून सात वर्षांवर गेली आणि तीनपैकी दोन जुने निविदाकार अपात्र ठरू लागले, तर सूचनेत न लिहिलेले कारण तिथे दिसू लागते. अट वाढवणे खरोखरच गरजेचे असेल तर ते कारण रद्दीकरणाच्या टिपणीतच आधी नोंदवलेले असावे लागते, कारण फेरनिविदा निघाल्यानंतर दिलेले स्पष्टीकरण, 1951 पासून, उशिरा दिलेले मानले जाते.