संभोग करताना ‘कट्’ आवाज, कळ आणि सूज: आमच्याकडे गोळी मागायला येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा

(आमच्या मेडिकलच्या गिऱ्हाइकांसाठी. घरी न्या, निवांत वाचा, बायकोलाही वाचायला द्या.)

काउंटरवर आजूबाजूला कोणी नाही बघून, हळू आवाजात “भाऊ, सूज उतरायची एखादी चांगली गोळी द्या ना” असं म्हणणारे बरेच जण येतात. सूज कुठे आहे विचारलं की मान खाली. आता पाय मुरगळला असेल तर आम्ही जेल देऊ, क्रेप बँडेज देऊ. पण ताठ असलेल्या लिंगातून कट्कन आवाज आला, जोरात कळ आली, ताठरता लगेच गेली आणि थोड्या वेळात सूज चढली, तर त्याच्यावर आमच्या दुकानात औषध नाही. कुठल्याच दुकानात नाही. डॉक्टर याला पेनाइल फ्रॅक्चर म्हणतात आणि ही ऑपरेशनची केस आहे.

लिंगात हाड नसतं हे बरोबर, फाटतं ते आतलं आवरण. लिंगात रक्त भरणाऱ्या दोन लांब नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती पांढरट, चिवट आवरण असतं. एरवी हे साधारण २ मिलिमीटर जाड असतं, पण ताठरता आली की ताणून ताणून अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ होतं, आणि आत रक्ताचं प्रेशर भरपूर. अशा वेळी लिंग एकदम वाकलं की आवरण फाटतं, तोच तो कट् आवाज. फाटलेल्या जागेतून रक्त बाहेर येऊन चामडीखाली साठतं, म्हणून ताठरता पण क्षणात जाते आणि सूज पण येते. झोपलेल्या लिंगाला सहसा असं होत नाही.

बहुतेक वेळा होतं ते असं की घाईत लिंग बाहेर निसटतं आणि परत आत जायच्या ऐवजी बाईच्या पुढच्या हाडावर किंवा योनीच्या खालच्या भागावर आपटतं. बाई वर असताना रिस्क जास्त, कारण तिचं सगळं वजन त्याच्यावर येतं आणि तिला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. यात चूक कोणाचीच नाही, त्यामुळे भांडण नको. झोपेत ताठरता असताना कुशीवर वळल्याने पण होतं. आणि काही जणांना ताठ लिंग हाताने मुद्दाम वाकवून कडकड वाजवायची सवय असते, बोटं मोडल्यासारखी. इराणमधल्या केरमानशाह भागात या सवयीमुळेच अशा केसेस खूप होतात. कोणाला असेल तर आजच सोडा.

आता एक उदाहरण घेऊ, म्हणजे नीट कळेल. समजा तिशीतला माणूस आहे, शनिवारी रात्री साडेअकराला हे झालं. आवाज बायकोलाही ऐकू आला. अर्ध्या तासात लिंग सुजून जांभळं-काळं पडलं आणि एका बाजूला वाकलं. उजवीकडे फाटलं असेल तर रक्ताचा गोळा उजवीकडे साठतो आणि लिंग डावीकडे ढकललं जातं. डॉक्टर लोक या दिसण्याला चक्क वांग्याचीच उपमा देतात. आणि इथेच माणूस फसतो, कारण ताठरता गेल्यावर कळ बरीच कमी होते. मग वाटतं, जाऊदे, उतरेल सकाळपर्यंत. सकाळी दिसतं तर काळेपणा गोट्यांपर्यंत पसरलाय, पण रविवार आहे, सोमवारी बघू, सोमवारी पुन्हा लाज वाटते. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं धरून चालू नका, भोक आत तसंच आहे.

त्याने करायचं ते हे. घरातलं कोणाला तरी सोबत घ्यायचं आणि रात्रीच निघायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. युरोलॉजिस्ट असलेलं हॉस्पिटल असेल तर उत्तम, नाहीतर मेडिकल कॉलेजचं किंवा जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल, कॅज्युअल्टी २४ तास चालू असते. बर्फ लावायचा तर रुमालात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं, नंतर थांबून परत. लिंग सरळ करायला जायचं नाही, मालिश नाही, गरम शेक नाही, हळदीचा लेप तर अजिबात नाही. अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्त आणखी वाहतं. ऑपरेशन लागू शकतं म्हणून निघाल्यापासून खाणं-पिणं बंद, आणि शेवटचं कधी खाल्लं ते सांगायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज चालू असतील तर त्या पट्ट्या सोबत न्या.

कॅज्युअल्टीत “तिथे जरा लागलंय” एवढंच सांगितलं तर बसवून ठेवतील. सरळ बोला: “संभोग करताना कट् आवाज आला, ताठरता लगेच गेली, सूज आलीय, साडेअकराला झालं.” पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं वगैरे गोष्टी रचू नका. आणि लघवीचं आवर्जून सांगायचं: झाली का, जळजळ होते का, लिंगाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसला का. थेंब दिसला किंवा लघवी अडली तर लघवीची नळी पण फाटलेली असू शकते, मग जोर लावून लघवी करायला बघू नका. आणि कोणी ओळखीचा कंपाउंडर घरीच नळी टाकून देतो म्हणाला तर त्याला टाकू देऊ नका.

बऱ्याचदा डॉक्टरला ऐकून आणि बघूनच कळतं, कधी सोनोग्राफी करतात, शंका असेल तर एमआरआय. काही वेळा आवरण शाबूत असतं आणि फक्त वरची शीर फुटलेली असते, तेव्हा आवाज सहसा येत नाही आणि ताठरता हळूहळू उतरते. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसू शकतं, त्यामुळे ते घरी बसून ठरवायचं नाही.

ऑपरेशनमध्ये बहुधा लिंगाच्या पुढच्या बाजूला गोल चिरा देऊन चामडी मागे सरकवतात, साठलेलं रक्त काढतात आणि फाटलेली जागा विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. लघवीची नळी फाटली असेल तर ती पण त्याच वेळी शिवतात, मग काही दिवस कॅथेटर राहतो. शक्यतो पहिल्या २४ तासांत झालं तर चांगलं. उशीर झाला असेल तरी जा, दोन दिवसांनी गेलेलाही न गेलेल्यापेक्षा फायद्यात राहतो. न शिवता सोडलं तर फाटलेल्या जागी कडक गाठ होते, ताठ झाल्यावर लिंग वाकडं होतं, दुखतं, आणि काहींना पुढे नीट ताठरताच येत नाही. वेळेत शिवलेल्यांपैकी बहुतेकांचं सगळं पूर्ववत होतं.

साधी केस असेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पुढे साधारण सहा आठवडे संभोग नाही, हस्तमैथुन पण नाही. झोपेत ताठरता आपोआप येते, त्याने टाक्यांवर ताण येऊन दुखतं, काही डॉक्टर त्यासाठी गोळ्या लिहून देतात, त्या चिठ्ठी दाखवून आमच्याकडून न्या. पण “चालतंय का बघू” म्हणून मधेच ताठरतेची गोळी मागायला आलात तर आम्ही देणार नाही, डॉक्टरने लिहिली तरच.