मानपत्रातील माहिती आणि मानपत्रातील माणूस

निरोप समारंभासाठी लिहिलेले मानपत्र साचेबद्ध वाटते, त्यात थोडे ठोस काही घाला, असे सुचवले की लिहिणारा बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. तो कार्यालयातून सेवापुस्तक मागवतो आणि रुजू होण्याची तारीख, बदल्यांची गावे, पदोन्नतीचे वर्ष, मिळालेले पुरस्कार हे सारे मजकुरात ओवतो. मानपत्र दुप्पट लांब होते आणि पूर्वीइतकेच परके राहते. माहिती आणि तपशील या दोन गोष्टींची गल्लत येथे होते. ती इतक्या ठिकाणी आणि इतक्या वर्षांपासून होत आली आहे की ती एकदा नीट सोडवून दाखवणे मला आवश्यक वाटते.

साचा कसा असतो हे वाचकांना ठाऊकच आहे. ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘विद्यार्थीप्रिय’, ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ ही विशेषणे, मध्ये ‘अनेक विद्यार्थी घडवले’ आणि शेवटी निरामय आयुष्यासाठी ईश्वरचरणी प्रार्थना. विशेषणांनी माणूस दिसत नाही हे एव्हाना बहुतेकांना पटलेले आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

खरी अडचण पुढे आहे. साचेबद्ध वाक्य ओळखण्यासाठी अनेक जण नाव बदलून पाहतात: सत्कारमूर्तींच्या जागी शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेचे नाव घातले आणि वाक्य तरीही खरे राहिले, तर ते साच्यातले. ही कसोटी विशेषणांना बरोबर पकडते, पण माहितीला सोडून देते. ‘बाई 1991 साली सेवेत रुजू झाल्या व त्यांनी तीन तालुक्यांत काम केले’ हे वाक्य दुसऱ्या कोणाला लागू होत नाही, म्हणून लिहिणारा निश्चिंत होतो. ते अचूक आहे, पण त्यात बाई नाहीत. नियुक्तीची तारीख त्यांनी निवडलेली नव्हती आणि बदलीचे गावही बहुधा नाही.

म्हणून मी दुसरी कसोटी लावतो. बाईंना कधीही न भेटलेल्या लिपिकाला केवळ सेवापुस्तक वाचून हे वाक्य लिहिता आले असते का? आले असते, तर ती माहिती आहे. ज्याने त्यांना काम करताना पाहिले आहे त्यालाच लिहिता येईल, आणि ज्यात त्यांनी स्वतःहून केलेली एखादी निवड दिसते, तो तपशील. नियमाने करावे लागत नव्हते आणि न केल्यास कोणी विचारणारही नव्हते, तरी जे त्यांनी केले, तेथे हा तपशील बहुतेक वेळा सापडतो.

उदाहरण म्हणून बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिकेचे मानपत्र कल्पू. पहिला मसुदा असा: ‘बाईंनी प्रदीर्घ सेवेत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मोलाचे कार्य केले. त्यांनी या मुलांच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष दिले. तसेच त्यांनी गळती रोखण्यासाठी अथक प्रयत्न केले.’ सुधारलेला मसुदा असा: ‘दिवाळी झाली की वर्गातली काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जात. त्यांच्यासाठी बाईंनी एक वेगळी वही ठेवली होती. कोण कोणत्या धड्यावर असताना गेले, एवढेच तीत लिहिलेले असे. चैत्रात टोळ्या परतल्या की बाकीचा वर्ग कितीही पुढे गेलेला असो, या मुलांचे पुस्तक वहीत लिहिलेल्या त्या धड्यावरच उघडले जाई.’

विषय तोच आहे. पण ‘विशेष लक्ष दिले’ यात जे नुसते सांगितले होते ते वहीत दिसू लागले. ‘मोलाचे’ आणि ‘अथक’ हे शब्द कोणी काढले नाहीत, त्यांची गरजच उरली नाही. असा एक तपशील एका परिच्छेदाला पुरतो. पाच-सहा प्रसंग एकामागून एक मांडले की त्यांचीही जंत्री होते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकही राहत नाही.

तपशील मिळवायचा कसा, हा प्रश्न रास्त आहे. ‘बाईंचा स्वभाव कसा आहे?’ असे विचारले की उत्तरात विशेषणेच येतात, कारण प्रश्नच ती मागतो. त्याऐवजी वर्गात आल्यावर त्या पहिले काय करत, मधल्या सुट्टीत कोठे असत, कोणत्या गोष्टीवरून हमखास रागावत, असे विचारावे. विचारावे तेही केवळ मुख्याध्यापकांना नव्हे, तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आणि जुन्या पालकांनाही. आठवण सुंदर असली तरी एकाच माणसाची असेल, तर दुसऱ्याकडून पडताळून घ्यावी. मुलांची नावे, कोणाचे आजारपण, घरातली अडचण हे मात्र कितीही हृद्य असले तरी व्यासपीठावरून वाचायचे नसते. आणि प्रसंग रचून तर कधीच घालू नये, कारण समोर बसलेल्या सहकाऱ्यांच्या ते त्याच क्षणी ध्यानात येते.

आता वाक्यांच्या सुरुवातींकडे वळू. ‘त्यांनी… त्यांचे… त्यांनी…’ अशी रांग लागली की ती मोडायला हवी, हे सर्वांना कळते. पण मोडताना ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’ हे शब्द पुढे ठेवले जातात आणि त्यांच्या मागोमाग पुन्हा ‘त्यांनी’ येतेच. याने सुरुवात बदलत नाही, वाक्य केवळ एक शब्द उशिरा सुरू होते. मसुद्यातले असे सारे ‘तसेच’ मी सरसकट खोडतो आणि आजवर त्यांच्यावाचून कोणाचे अडलेले पाहिले नाही.

मराठीत शब्दांचा क्रम लवचीक आहे, पण तो निरर्थक नाही. वाक्याच्या आरंभी साधारणपणे वाचकाला आधीच ठाऊक असलेले येते आणि ज्यावर भर द्यायचा ते क्रियापदाच्या अगदी अलीकडे येते. ‘बाईंनी वही ठेवली होती’ हे वाक्य काय ठेवले होते ते सांगते, तर ‘वही बाईंनी ठेवली होती’ हे कोणी ठेवली होती ते सांगते. केवळ वैविध्यासाठी शब्द पुढेमागे केले, तर भर भलत्याच ठिकाणी पडतो आणि मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. वरच्या सुधारलेल्या मसुद्यात एकाही वाक्याचा आरंभ बाईंपासून होत नाही. तो दिवाळीपासून, मुलांपासून, वहीतल्या नोंदीपासून आणि चैत्रापासून होतो. त्यासाठी वेगळी कसरत करावी लागली नाही, कारण तपशील येताना आपला काळ, आपली जागा आणि इतर माणसे बरोबर घेऊन येतो. म्हणून आधी तपशील शोधावा आणि सुरुवातींचा विचार त्यानंतर करावा. मजकूर पोकळ असताना सुरुवाती बदलल्या, तर पोकळपणा अधिकच उघडा पडतो.

आणि सुरुवात सारखी असणे हा दर वेळी दोषही नव्हे. एकाच माणसाच्या सलग कृती सांगताना कर्ता एकदा सांगून पुढे तो गाळता येतो, कारण पुष्कळदा मराठी क्रियापदच तो सांगते: ‘बाई प्रार्थनेआधी फाटकाशी उभ्या राहत. उशिरा येणाऱ्याला नावाने हाक मारत. रागावत मात्र वर्गात गेल्यावर, एकट्याला बोलावून.’ येथे प्रत्येक वाक्यापूर्वी नवे काही आणण्याचा अट्टाहास केला असता, तर ही चाल मोडली असती.

शेवटच्या प्रार्थनेच्या ओळीला मी हात लावत नाही. सभागृह तिची वाट पाहत असते, शाल आणि श्रीफळ तिच्यानंतरच पुढे येतात, आणि समारंभाला असे एक ठरलेले वाक्य शोभतेही. फक्त ती एकच असावी.