रोख काउंटरवरील हिंसा आणि तिचा प्रतिबंध

बँका आणि दुकानांतील कर्मचाऱ्यांना हिंसेतून इजा होण्याच्या प्रसंगांत लुटीचाही वाटा असतो. लुटारूला हवी असते रोकड. कर्मचारी ती देत नाही किंवा लपवतो आहे असे त्याला वाटले की हात उगारला जातो. म्हणून प्रतिबंधाचा गाभा असा : जास्त रोकड कर्मचाऱ्याच्या हातात असूच नये, आणि हे लुटारूला दारातच कळावे.

यासाठी गल्ल्यात ठरावीक रकमेची मर्यादा असते. वरच्या नोटा फटीतून तिजोरीत टाकल्या जातात. तिजोरीला विलंब-कुलूप असते. योग्य संकेत दिल्यावरही ते, समजा, 10 मिनिटांनी उघडते. ‘कर्मचारी तिजोरी उघडू शकत नाहीत’ ही पाटी दारावर आणि काउंटरवर हवी. जाहिरातींनी काच झाकलेली नसावी, म्हणजे गल्ला रस्त्यावरून दिसतो.

व्यवस्था बहुधा गर्दीच्या वेळी ढासळते. समजा, बंद होण्याच्या सुमारास काउंटरवर एकच कर्मचारी आहे. फटीपर्यंत जायला वेळ नसल्याने तिने नोटांची गड्डी खालच्या खणात ठेवली आहे. पाटी गळून पडलेली. लुटारू तिजोरी उघडायला सांगतो, ती ‘10 मिनिटे लागतील’ म्हणते, आणि त्याला ती थाप वाटते. तेवढ्यात खणातली गड्डी दिसली, की तिच्या प्रत्येक शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. पाटी जागेवर असती आणि गड्डी तिजोरीत गेली असती, तर गल्ल्यातले थोडे पैसे घेऊन तो निघून जाण्याची शक्यता बरीच वाढली असती.

प्रत्यक्ष प्रसंगी मागितले ते द्यावे, अचानक हालचाल करू नये, खिशात हात घालायचा असल्यास आधी सांगावे. मूक धोक्याची घंटा नकळत दाबता येत असेल तरच दाबावी. लुटारूची बाहेरची वाट अडवू नये. शटर पाडून त्याला आत कोंडणे म्हणजे लुटीचे ओलीसनाट्य करणे.

तो गेल्यावर दार बंद करावे, पोलिसांना कळवावे, त्याने हात लावलेल्या जागा तशाच ठेवाव्यात. प्रत्येकाने आपापसांत बोलण्यापूर्वी वर्णन लिहून काढावे, नाहीतर आठवणी एकमेकांत मिसळतात. रोकड मोजण्याचे काम प्रसंगात नसलेल्याने करावे. ‘एवढे दिलेस कशाला?’ हा प्रश्न वरिष्ठाने विचारूच नये. तूट पगारातून कापणे तर पुढच्या वेळी प्रतिकार करायला सांगण्यासारखेच.

कर्मचाऱ्याला एकटे घरी पाठवू नये. सगळ्यांना बसवून प्रसंग तपशिलात बोलायला लावण्याचे एकवेळचे सत्र पूर्वी लोकप्रिय होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने 2005 पासून त्याची शिफारस केलेली नाही. त्याने आघातोत्तर विकार टळत नाही. ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकावे, काही काळ कामाची जागा बदलून द्यावी, आणि साधारण महिन्याने पुन्हा विचारपूस करावी. झोप उडणे, दचकणे, दाराकडे पाठ करून उभे राहता न येणे हे तेव्हाही चालू असेल तर तज्ज्ञाकडे पाठवावे.