बेसलाइन मापांचे चेन मापांत रूपांतर आणि टॉलरन्सची बेरीज

यंत्रभागाच्या ड्रॉइंगवर एका रेषेतली भोके, खाचा किंवा पायऱ्या यांच्या जागा मुख्यतः दोन रीतींनी देतात. बेसलाइन रीतीत सगळी मापे एकाच संदर्भ पृष्ठापासून, म्हणजे डेटमपासून, घेतलेली असतात. ऑर्डिनेट रीत हे याचेच आटोपशीर रूप आहे. त्यात डेटमला शून्य मानून प्रत्येक भोकासमोर फक्त त्याचे अंतर लिहितात. चेन रीतीत मात्र प्रत्येक माप आधीच्या भोकापासून सुरू होते. एका रीतीतून दुसरीत जाताना मूळ आकडे नुसत्या वजाबाकीने मिळतात, पण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, तसा मिळत नाही. तो हिशेब पाहण्यासाठी पुढे एकच उदाहरण घेतले आहे.

एका ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एम६ आट्यांची पाच भोके आहेत. डाव्या कडेपासून त्यांची अंतरे २०, ५०, ८०, ११० आणि १४० मिमी असून प्रत्येकाला ±०.१ मिमी टॉलरन्स आहे. चेनमध्ये हीच मापे २०, ३०, ३०, ३०, ३० अशी होतात. इथपर्यंत काही बिघडत नाही. यानंतर ड्रॉइंग करणारा सवयीने प्रत्येक मापापुढे तोच ±०.१ लिहितो, आणि पट्टीचा अर्थच बदलतो. चेनमध्ये पाचव्या भोकाची जागा पाच मापांच्या बेरजेने ठरते. प्रत्येक माप ०.१ ने जास्त असेल तर ते भोक १४०.५ मिमीवर जाईल, कमी असेल तर १३९.५ वर. म्हणजे कडेपासूनचा टॉलरन्स ±०.१ चा ±०.५ झाला, आणि तरीही एकही माप ड्रॉइंगच्या बाहेर गेलेले नाही.

याचा परिणाम जुळणीत दिसतो. पट्टीवर एक झाकण बसते. झाकणाची डावी कड पट्टीच्या कडेशी टेकवून ठेवायची आहे आणि झाकणात ६.६ मिमीची आरपार भोके आहेत. ६ मिमीच्या बोल्टला त्यात एकूण ०.६ मिमी मोकळीक मिळते, म्हणजे बोल्ट मध्यापासून एका बाजूला ०.३ मिमी सरकू शकतो. बेसलाइन ड्रॉइंगप्रमाणे पट्टीने यातले जास्तीत जास्त ०.१ वापरले असते आणि झाकणासाठी ०.२ शिल्लक राहिले असते. चेन ड्रॉइंगप्रमाणे पाचवे भोक ०.५ ने सरकू शकते, तेव्हा झाकण अगदी अचूक असले तरी शेवटचा बोल्ट आत जाणार नाही. चौथे भोकही ०.४ ने सरकू शकते, त्यामुळे तेही सुरक्षित नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिच्यामागे हिशेब असतो. पहिल्या दोन भोकांमधले अंतर किती बदलू शकते? ४९.९ मधून २०.१ वजा केले तर २९.८, आणि ५०.१ मधून १९.९ वजा केले तर ३०.२. म्हणून बेसलाइन ड्रॉइंगनुसार हा पिच ३० ±०.२ येतो. मापे वजा होत असली तरी त्यांचे टॉलरन्स मिळवावेच लागतात. हे उत्तर बरोबर आहे, पण तो आधीच्या अटींमधून निघालेला निष्कर्ष आहे. तो चेनमध्ये नवी अट म्हणून लिहिला, तर पाचव्या भोकाचा टॉलरन्स ०.१ अधिक चार वेळा ०.२, म्हणजे ±०.९ होतो. दुसरे भोक उजवीकडे सरकले की पहिला पिच वाढतो आणि दुसरा तेवढाच कमी होतो, कारण दोन्ही पिच त्याच भोकाला टेकलेले आहेत. बेसलाइनमध्ये ही वाढ आणि घट आपोआप एकमेकींना खोडतात. प्रत्येक पिच स्वतंत्र अट म्हणून लिहिला की हे नाते तुटते.

मग योग्य रूपांतर कोणते? सर्वात वाईट स्थिती धरली तर चेनमधल्या टॉलरन्सची बेरीज ±०.१ च्या आत बसवावी लागते, म्हणजे पाच मापांना प्रत्येकी ±०.०२. आता शेवटचे भोक सुरक्षित आहे, पण मूळ ड्रॉइंगला चालणारे बरेच जॉब बाद होतील. पहिले भोक २०.०८ वर आणि बाकीची नेमक्या जागी असलेली पट्टी बेसलाइनमध्ये पास होते, या चेनमध्ये नापास. टॉलरन्स मापांमध्ये असमान वाटून दिला, तरी कुठली ना कुठली चांगली पट्टी बाहेर राहतेच. थोडक्यात, बेसलाइनच्या अटी चेनमध्ये जशाच्या तशा लिहिता येत नाहीत. एक तर सैल चेन मिळते, नाही तर महाग चेन.

ड्रॉइंगवर स्वतंत्र टॉलरन्स न लिहिता सर्वसाधारण टॉलरन्सच्या आयएसओ २७६८-१ या मानकाचा मध्यम वर्ग लावला असेल, तर रूपांतराचा परिणाम डोळ्यांआड राहतो. त्या वर्गात ६ च्या पुढे ३० मिमीपर्यंतच्या मापाला ±०.२ आणि १२० च्या पुढे ४०० पर्यंतच्या मापाला ±०.५ मिळतो. म्हणून बेसलाइनमधले १४० हे माप ±०.५ चे असते. तेच पाच छोट्या मापांत तोडले की प्रत्येकाला ±०.२ लागू होऊन बेरीज ±१.० होते. ड्रॉइंगवर टॉलरन्सचा एकही आकडा बदललेला नसतो.

सगळ्या चुका एकाच दिशेने जाणे दुर्मीळ असते, म्हणून काही ठिकाणी प्रत्येक टॉलरन्सचा वर्ग करून त्यांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतात. पाच वेळा ±०.१ असेल तर त्या रीतीने ±०.२२ येतो. मात्र चुका एकमेकींपासून स्वतंत्र आणि मध्याभोवती समान पसरलेल्या असल्या, तरच हे चालते. कारखान्यात तसे नेहमी नसते. पट्टी १० अंश जास्त तापमानाला मोजली तर १४० मिमीमध्ये सुमारे ०.०३ मिमी वाढ दिसते, आणि ती सगळ्या पिचमध्ये एकाच दिशेने असते. अशा चुकीला वर्गमूळ लागू होत नाही, तिची साधीच बेरीज करावी लागते.

चूक साचते ती प्रत्यक्षात जॉब करताना. डिव्हायडरने एका भोकावरून पुढच्यावर पाऊल टाकत आखणी केली, तर प्रत्येक पावलाची चूक पुढे जाते. हाइट गेजने प्रत्येक रेषा त्याच कडेपासून आखली, तर नाही. सीएनसीवर `G91` ने पिचप्रमाणे हालचाल दिली तरी यंत्राचा कंट्रोल स्वतःची जागा आपल्या मोजपट्टीवर किंवा एन्कोडरवर ठेवत असतो, त्यामुळे यंत्राची चूक पावलागणिक वाढत नाही. वाढते ती आकडे पूर्णांकित केल्याची चूक: १०० मिमीचे तीन समान भाग ३३.३३ ने केले, तर शेवट ९९.९९ वर येतो. `G90` मध्ये प्रत्येक जागा शून्यापासून लिहिल्यामुळे हाही प्रश्न उरत नाही.

तपासणीत ही बाब ओळखायची खूण अशी: व्हर्निअरने प्रत्येक पिच मोजल्यावर सगळे पास होतात, पण झाकण बसत नाही. अशा वेळी प्रत्येक भोकाचे कडेपासूनचे अंतर घेऊन त्याचा मूळ मापापासूनचा फरक क्रमाने लिहावा. ०.०८, ०.१६, ०.२५, ०.३३, ०.४१ असे आकडे चढत गेले तर चूक साचली आहे. ते शून्याभोवती खालीवर होत असतील, तर कारण दुसरे आहे.

याचा अर्थ चेन नेहमीच वाईट असा नाही. प्रत्येक माप ±०.१ असताना शेजारच्या दोन भोकांमध्ये चेन ±०.१ देते, बेसलाइन ±०.२. दोन पिचच्या अंतरावर दोन्ही सारख्या ठरतात, आणि त्यापुढे बेसलाइन सरस. गिअरबॉक्सच्या बॉडीत शेजारच्या शाफ्टमधले अंतर दात कसे जुळतील ते ठरवते. तिथे ते अंतर थेट लिहून त्यालाच कडक टॉलरन्स द्यावा. बॉडीच्या कडेपासूनचे अंतर सैल असले तरी चालते. चेनमधली सगळी मापे दिल्यावर एकूण लांबीही टॉलरन्ससह लिहिली, तर दोन अटी एकमेकींशी भांडतात. म्हणून एकूण लांबी तरी कंसात संदर्भापुरती ठेवतात, किंवा साखळीतले सर्वात कमी महत्त्वाचे माप लिहीतच नाहीत, आणि साचलेली सगळी चूक त्या न लिहिलेल्या जागेत जाते.