स्लॅबचं पाणी: आत कमी, वर भरपूर

“माल पातळ असला की स्लॅब चांगला बसतो. आणि दुसऱ्या दिवशी कडक झाला की पाणी मारून काय उपयोग?”

पातळ माल पसरतो लवकर, एवढंच. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी पुरतं, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. सिमेंट त्यातलं काही पाणी रासायनिक क्रियेत बांधून घेतं. उरलेलं नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. मिस्त्रीने गोणीमागे आणखी १० लिटर ओतलं, की ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते. अशा स्लॅबवर टाकतानाच पाणी तरंगतं आणि पुढे पृष्ठभाग घासला की पांढरी भुकटी हाताला लागते. माल बसत नसेल तर व्हायब्रेटर लावा किंवा पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, म्हणजे प्लॅस्टिसायझर, मोजून घाला.

आता दुसरी गोष्ट. काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंटची पाण्याशी क्रिया अनेक दिवस चालते, आणि आतला ओलावा उडाला की ती थांबते. वरून दिलेलं पाणी तो ओलावा टिकवतं. कडक झालेल्या काँक्रीटमध्ये ते पातळ मालासारख्या पोकळ्या करत नाही. म्हणून स्लॅबवर मसाल्याची आळी करून त्यात पाणी साठवतात. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला १० दिवस ओल हवी. बाजारातल्या बहुतेक गोण्या पीपीसीच्या असतात, गोणीवर बघून घ्या. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून मधे भर उन्हात स्लॅब कोरडा पडू देणं, याला क्युरिंग म्हणत नाहीत.